एका तासाची गोष्ट: भरतीच्या मुदतीवर कथा कशी बांधायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एका तासात घडणारी गोष्ट म्हणजे नेमकी कशी? एखादं उदाहरण द्याल का?

गोष्टीचं पहिलं वाक्य सव्वासातला आणि शेवटचं सव्वाआठला. मधे कुठेही 'दुसऱ्या दिवशी' नाही. आणि तो तास संपण्याआधी काहीतरी व्हायलाच हवं, नाहीतर ते पुन्हा होणार नाही.

या पानावर सगळी उत्तरं एकाच गोष्टीवरून दिली आहेत, म्हणजे हवेत बोलणं नको. अलिबागच्या दक्षिणेला एक काल्पनिक गाव धरा. किनाऱ्यासमोर खडकावर एक छोटं देऊळ आहे. कुलाबा किल्ल्यात जसं ओहोटीला चालत जाता येतं, तसंच या देवळात जाता येतं. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी सासू दिवा लावायला एकटी तिकडे गेली आणि परत आलीच नाही. सून नंदा तिला आणायला निघते. घराण्याची जागा विकण्यावरून दोघी गेली तीन वर्षं एकमेकींशी बोलत नाहीत, जे काही बोलायचं ते मुलाच्या तोंडून. एवढंच कथानक. पात्रं दोन, आणि किनाऱ्यावर टॉर्च घेऊन उभा असलेला शेजारचा एक पोरगा. नंदाचा दीर दिसतो तो फक्त शेवटी.

मुदत भरतीचीच का? शेवटची एसटी किंवा मासळीचा लिलाव का नाही?

चालेल की. पण एसटी उशिरा येते हे वाचकाला माहीत असतं, ड्रायव्हरला हात दाखवता येतो, लिलावात ओळखीचा दलाल असतो. माणसाच्या हातातली मुदत वाचक मनातल्या मनात लवचीक धरतो. भरतीला गळ घालता येत नाही.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. गाडी सुटेपर्यंत फलाटावर काहीच बदलत नाही, म्हणून लेखकाला पात्रांना सारखं मनगटाकडे बघायला लावावं लागतं. पाणी मात्र मुदत संपण्याच्या आधीपासूनच दिसत आणि लागत असतं. घोटा, पोटरी, गुडघा, मांडी, कंबर. घड्याळ पात्राच्या अंगावरच चढत जातं.

तास कोणता निवडायचा? भरतीचा कुठलाही चालेल का?

नाही, आणि बहुतेक गोष्टी इथेच फसतात.

आपल्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. एका पूर्ण भरतीपासून पुढच्या पूर्ण ओहोटीपर्यंत सहा तास आणि वर दहा-बारा मिनिटं जातात. जुन्या लोकांचा हिशेब तुम्ही ऐकला असेल: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. अमावास्या म्हणजे पंधरा, तिची पाऊणपट सव्वाअकरा. हा ढोबळ हिशेब आहे, प्रत्यक्षात जागेप्रमाणे अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. लक्ष्मीपूजनाच्या दुपारी बाराच्या आसपास भरती, म्हणजे संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण ओहोटी. गोष्टीसाठी आपण 5:45 धरू. सूर्यही त्याच सुमारास मावळतो, म्हणून सासू दिवा घेऊन सहाला निघाली हे अगदी स्वाभाविक आहे.

आता पाणी परत कसं येतं ते पाहा. ते सहाही तास सारख्या वेगाने चढत नाही. खलाशांचा एक ठोकताळा आहे: एकूण चढाचे बारा भाग करा. पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, मग पुन्हा दोन आणि एक. अमावास्या म्हणजे उधाणाचे दिवस, तेव्हा चढ मोठा असतो. समजा तो 3.6 मीटर आहे. मग एक भाग झाला 30 सेंटीमीटरचा.

5:45 ते 6:45 मध्ये पाणी फक्त 30 सेंटीमीटर चढेल. या तासात गोष्ट घडवली तर नुसतं पाणी-पाणी म्हणून ओरडत बसावं लागेल. 6:45 ते 7:45 या दुसऱ्या तासात 60, म्हणजे मिनिटाला एक सेंटीमीटर. 7:45 नंतरच्या तिसऱ्या तासात 90, म्हणजे मिनिटाला दीड. कथेचा तास मी 7:15 ते 8:15 घेतला, कारण वेग बदलतो तो सांधा बरोबर मधे येतो. पहिल्या अर्ध्या तासात नंदाला पाण्याचा जो अंदाज येतो, तो दुसऱ्या अर्ध्या तासात खोटा ठरतो. कुणी खलनायक न आणता संकट आपोआप वाढतं.

गोष्ट सव्वाआठला संपते, मग मुदत सव्वाआठची ना?

नव्हे. मुदत नेहमी मागे मोजत यायची.

किनारा आणि देऊळ यांच्यामध्ये, किनाऱ्याच्या बाजूला, वाळूत एक खोल चर आहे. बाकीची वाळू त्याच्याहून साधारण 60 सेंटीमीटर उंच. ओहोटी पूर्ण असताना चरही कोरडा पडतो. त्यात पाणी यायला सुरुवात 6:45 ला होते असं ठरवू. मग हिशेब सोपा आहे: 7:15 ला चरात 30 सेंटीमीटर, 7:30 ला 45, 7:45 ला 60, 8:00 ला 82 आणि 8:15 ला 105.

सत्तरीच्या, बुटक्या बाईला अंधारात, लाटा असताना, नेसत्या लुगड्यात मांडीच्या वर पाणी झेपणार नाही. म्हणजे तिने फार तर 7:45 ला चरावर असायला हवं. देवळापासून चरापर्यंत तिच्या चालीने दहा मिनिटं. म्हणजे देऊळ 7:35 ला सोडायला हवं. नंदा घरातून 7:20 ला निघते, 7:26 ला वाळूत उतरते, दोन मिनिटांत चर ओलांडते तेव्हा पाणी गुडघ्याला लागतं, आणि 7:33 ला ती देवळाच्या पायरीवर असते.

तिच्या हातात दोन मिनिटं आहेत आणि अबोला तीन वर्षांचा. गोष्ट इथे आहे. हे दोन आकडे शेजारी आले नाहीत तोवर लिहायला बसू नका. कागदावर मागे मोजल्याशिवाय ते सापडत नाहीत, कारण पुढे मोजत गेलं की प्रत्येक प्रसंगाला हवा तेवढा वेळ मिळत जातो.

त्या निघतात 7:50 ला. पंधरा मिनिटं उशीर. दुसऱ्या तासात या उशिराची किंमत 15 सेंटीमीटर झाली असती, इथे ती 22 होते. चरावर पोचतात तेव्हा आठ वाजलेले असतात आणि पाणी सासूच्या कमरेला टेकलेलं असतं.

होडी का नाही नेत? मोबाइल का नाही लावत?

हा प्रश्न वाचक पहिल्याच पानावर विचारणार, तेव्हा उत्तर दुसऱ्या पानाच्या आत द्या आणि पुन्हा त्या वाटेला जाऊ नका.

होडीचं उत्तर भरतीतच आहे. ज्या ओहोटीने वाट मोकळी केली तिनेच होड्या वाळूवर बसवल्या. दिराची होडी पावणेनऊच्या आधी तरंगणार नाही. किनाऱ्यावरचा पोरगा हे एका वाक्यात सांगतो. सासू मोबाइल घरी ठेवून गेली आहे, आणि तोही पूजेच्या चौरंगावर, कारण ती देवळात कधीच नेत नाही. 'रेंज नव्हती' हे कारण कोकणात खरं असलं तरी गोष्टीत आता फार झिजलंय.

मग पावणेनऊला दीर होडी घेऊन येईलच. थांबल्या देवळात, तर बिघडलं काय?

फार चांगला प्रश्न. मुदत चुकली तर मरणच यायला हवं असं काही नाही. खडक पूर्ण बुडत नाही, त्या थांबू शकतात, आणि हे दोघींनाही ठाऊक आहे.

पण दीर येणार म्हणजे ज्याला जागा विकायची आहे तोच येणार. त्याच्या होडीत बसून या दोघी आयुष्यात पुन्हा या विषयावर बोलणार नाहीत. त्यातून सासूला त्याचा उपकार नको आहे. म्हणजे एक मुदत पाण्याची आणि एक एकांताची, दोन्ही एकाच तासात बसलेल्या. पाणी त्यांना निघायला लावतं आणि एकांत थांबायला लावतो. दोन्ही एकाच दिशेने ओढत असते तर नंदा सासूला खांद्यावर टाकून निघाली असती आणि गोष्ट पाच मिनिटांत आटोपली असती.

तुमच्या गोष्टीत ही परीक्षा करून बघा: पात्राला थांबण्याचं एक खरं कारण आहे का? नसेल तर ती नुसती धावपळ आहे.

शब्द किती लिहायचे? एका तासाची गोष्ट वाचायला तासच लागायला हवा का?

मोठ्याने, सावकाश वाचलं तर मिनिटाला सव्वाशे शब्दांच्या आसपास होतात. या मापाने खरा तास भरायला साडेसात हजार शब्द लागतील. दिवाळी अंकातली कथा चार हजारांची धरली तर वाचन बत्तीस मिनिटांचं. उरलेली अठ्ठावीस मिनिटं कुठेतरी दाबायला हवीत, आणि कुठे दाबायची यातच सगळं कसब आहे.

मी अशी वाटणी करीन. घरातली पाच मिनिटं पाचशे शब्दांत, जवळपास खऱ्या वेळेत: रांगोळी, चौरंग, बत्ताशांची ताटली, आणि मग लक्षात येतं की सासूची चप्पल दारात नाही. किनाऱ्यावरचं बोलणं अडीचशे. नंदाचं एकटीचं जाणं तीनशे. देवळातली सतरा मिनिटं सतराशे. परतीची वाळूवरची दहा मिनिटं फक्त अडीचशे. चरातली सहा मिनिटं आठशे. शेवट दोनशे.

चरातला भाग पाहा: सहा मिनिटांना आठशे शब्द म्हणजे वाचन आणि घटना बरोबरीने चालतात, किंबहुना वाचन कणभर मागे राहतं. बाकी सगळीकडे मिनिटं वाचनापेक्षा जलद सरकतात, कुठे थोडी, कुठे कितीतरी. वाचकाने शब्द मोजलेले नसतात, पण श्वास अडकतो तो याने. अंधारात प्रत्येक पाऊल चाचपून टाकायचं असेल तर वाक्यांनीही तसंच चालायला हवं. उलट परतीची दहा मिनिटं लांबवली तर भांडणाची धग विझते.

देवळातला प्रसंग एकाच जागी सतरा मिनिटांचा. तो रेंगाळणार नाही का?

दोघी बसून जुनी भांडणं उगाळू लागल्या तर रेंगाळेल. तेव्हा प्रत्येक मुद्द्याला हाताशी एक काम द्या, आणि ते काम वेळ खाणारं असू द्या.

सासू सहाला निघाली, तरी अजून इथेच का? कारण दिवा टिकत नाहीये. वारा वाहतो, गाभाऱ्याला दार नाही, आणि तेल संपत आलंय. दिवा लागल्याशिवाय ती हलणार नाही. नंदा 7:33 ला येते आणि पहिलं वाक्य म्हणते, "आई, चला." तीन वर्षांतलं हे तिचं पहिलं सरळ वाक्य. सासू उत्तर देत नाही, काडेपेटी पुढे करते. नंदा आडोसा धरते, काडी विझते. दुसरी. दोघींना एकमेकींच्या इतकं जवळ बसावं लागतं की गप्प राहणंच अवघड होतं. 7:38 ला नंदा म्हणते की पाणी गुडघ्यापर्यंत होतं. सासू म्हणते, "मला इथलं पाणी शिकवू नकोस." तिचं म्हणणं बरोबरच आहे, तिने जन्मभर हे पाणी पाहिलंय. पण यंदा तिची चाल मंदावली आहे, आणि तेवढं मात्र तिला कबूल नाही.

7:41 ला दिवा लागतो. वाचकाला वाटतं, निघाल्या. इथेच सासूने जागेचा विषय काढायचा. उशिरातली पुढची नऊ मिनिटं नंदाच्या हट्टाची आहेत, कारण आता थांबायचं तिला आहे. पहिली सहा मिनिटं सासूने घालवली आणि पुढची नऊ सुनेने, हा समतोल ठेवलात तर उशिराचं पाप एकीच्याच माथी बसत नाही आणि चरात एकमेकींचा हात धरताना दोघींच्याही मनात तेच असतं.

प्रत्येक प्रसंगाच्या वर वेळ छापू का? '7:33' असं?

छापली तर वाचक गणित तपासेल, आणि तपासू दे. पण मला ते नाटकाच्या पाटीसारखं वाटतं. सुरुवातीला एकदा घरातल्या घड्याळात वेळ दाखवा आणि पुढे गावाला वेळ सांगू द्या. गावात त्या दिवशी आवाजांना तोटा नसतो: कुणाकडची आरती सुरू होणं, ती संपल्यावरची फटाक्यांची माळ, मशिदीतली रात्रीची बांग. खडकावरून हे सगळं ऐकू येतं, आणि किनाऱ्यावरचे आकाशकंदील दिसतात.

मात्र नंदाला एक तरी पक्कं माप द्या. देवळाच्या पायऱ्या चालतील. ती आली तेव्हा तळची पायरी कोरडी होती, बोलता बोलता तिच्यावर पाणी आलं. एवढं पुरे. दर परिच्छेदाला पायरी मोजू नका.

मधे जुन्या आठवणी आणता येतील का?

पात्र थांबलेलं असताना नाही. पाण्यात उभी असलेली बाई लग्नाचा दिवस आठवत दोन पानं घालवू लागली तर वाचक म्हणेल, बुडशील. आठवण एका वाक्याची, हातातल्या कामाच्या आड.

ताण कमी पडतोय. वाटेत पाय मुरगळला, साप निघाला, असं काही आणू?

नका आणू. आधी मुदतीतूनच काय निघतं ते शोधा. 7:50 ला वाळूवर सात सेंटीमीटर पाणी असतं, आठ वाजता बावीस. वाळूही पाण्याखाली आणि चरही, अमावास्येच्या काळोखात दोन्ही सारखेच दिसतात. चर कुठे सुरू होतो हे आता पायालाच कळणार. येताना नंदाला चराची कड दिसली होती, ती आता नाही. किनाऱ्यावरच्या पोराचा टॉर्च हीच एक खूण, आणि पोरगा फटाके बघायला मान वळवतो. हे संकट तुम्ही बाहेरून आणलेलं नाही, वेळेने आणलेलं आहे.

गोष्ट संपवायची कुठे? चर ओलांडल्यावर लगेच?

चर 8:06 ला संपतो, किनारा 8:10 ला. उरलेल्या पाच मिनिटांत एकच गोष्ट व्हायला हवी: देवळात जे बोलणं झालं त्याचा कुणासमोर तरी पहिला परिणाम. दीर अंगणातून विचारतो, "कुठे होतात?" दोघींपैकी कोण उत्तर देते, आणि काय, त्यावर जागेचं काय होणार ते कळतं. खरेदीखत, सह्या, वर्षभरानंतरचं घर, यातलं काही नको. तो तास संपला.

हीच गोष्ट मला भर दुपारी घडवायची आहे. वेळा बदलल्या की झालं ना?

नाही होणार. दुपारी बाराला पूर्ण ओहोटी हवी असेल तर भरती सहाला हवी, म्हणजे पाऊणपटीच्या हिशेबाने तिथी येते अष्टमी. अष्टमीच्या आसपास भांगाचे दिवस असतात. तेव्हा भरती फार चढत नाही आणि ओहोटीही फार उतरत नाही. चर कदाचित कोरडा पडणारच नाही. मोठी ओहोटी आपल्याकडे सकाळ-संध्याकाळीच येते, कारण उधाण अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास असतं. किनाऱ्यावर वाढलेल्या वाचकाला हे शिकवावं लागत नाही, त्याला अष्टमीच्या दुपारी कोरडी वाट दिसली की तो पुस्तक मिटतो.

दुपारच हवी असेल तर भांगाचा फायदा घ्या: चरात आधीच गुडघाभर पाणी, चढ कमी आणि सावकाश, आणि वाट मोकळी असण्याचा वेळ मुळातच तोकडा. मग तास पहिला घ्यावा लागेल, तिसरा नाही, आणि सगळे आकडे पुन्हा मांडावे लागतील. पक्क्या वेळांसाठी भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टकं पाहा, किंवा त्या गावच्या कोळ्याला तिथी सांगून विचारा. चंद्राकडेही लक्ष असू द्या. शुक्ल अष्टमीचा चंद्र दुपारी उगवतो आणि मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो, म्हणजे त्या संध्याकाळी तुमच्या पात्रांना उजेड असेल आणि चर लपवायला अंधार मिळणार नाही.